रव्याच्या डब्याखालचा वाढदिवस

७ जानेवारी, मंगळवार

आजी झाले! आजी झाले, आजी झाले! तीनदा लिहिलं तरी हात थांबत नाही. आमच्या वर्षाराणीला मुलगी झाली. सिझर करावं लागलं, पण दोघी सुखरूप. पालघरच्या दवाखान्यात नर्सने बाळ आणून माझ्या हातात दिलं आणि मी आधी काय पाहिलं तर नाक! आमच्या ह्यांचं नाक. एवढंसं तोंड, त्यात ते. मी म्हटलं, "अहो, हे काय दिलंत पोरीला?" तर हे डोळे पुसत म्हणतात, "नर्मदे, चालतं ते नाक. जन्मभर चालवलंय मी."

आमचे जावई निमेश दवाखान्याच्या जिन्यावर बसून रडत होते. एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत एवढ्या मोठ्या मशिनी सांभाळतो हा मुलगा, आणि बाळ हातात घ्यायला घाबरला. विहीणबाई साखरबाई वाणगावहून धावत आल्या. त्यांची मिरचीची वाडी, तोडणी सोडून आल्या. त्यांनी बाळाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "आमच्या घरची हाय." मी म्हटलं, "नाक बघा आधी." तिथूनच आमचं सुरू झालं.

वर्षाराणी गुंगीत होती. तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि पळाले, बाळाला टोपी घालायची होती.

९ जानेवारी, गुरुवार

दूध अजून नीट उतरलं नाही. नर्स म्हणते, ऑपरेशनवाल्यांना एखादा दिवस उशीर होतो, बाळाला पाजायला घेत राहा, तोंड लागलं की येतं. पहिला पिवळा चीक मिळाला तेवढा मिळाला. बाळ दोन मिनिटं ओढतं आणि मग सगळा मजला डोक्यावर घेतं. काय आवाज आहे! वाघीण आहे माझी.

वर्षाराणी म्हणाली, "आई, तिला माझ्याकडे राहायचंच नाही." मी म्हटलं, "काहीतरीच बोलू नकोस, हे घे, शतावरी." हाताला धरून शतावरीचं दूध पाजलं. तोंड वाकडं केलं तिने, पण प्यायली.

येत्या सोमवारी तिचा वाढदिवस! धांदलीत विसरलेच होते. दर वर्षी मी तिला सकाळी सकाळी मेसेज पाठवते. गुलाब, त्यावर चमचम, खाली चार ओळी, कोणाकोणाकडून आलेल्या. मागच्या वर्षी कार्टी काय म्हणाली? "आई, तुझ्या मेसेजात गुलाब असतो, दवबिंदू असतात, तू कुठे असतेस?" तेव्हा हसण्यावारी नेलं. यंदा गुलाब नाही. यंदा मी स्वतः लिहिणार. आई झालेल्या पोरीला आईचा मेसेज कसा असतो ते दाखवतेच.

१० जानेवारी, शुक्रवार

घरी आलो. निमेशने पालघर ते बोईसर गाडी इतकी हळू चालवली की मागून रिक्षावाले शिव्या घालत होते. दारात भाकरतुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं. बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका हजर. तिवारीभाभी म्हणतात, "बच्ची तो एकदम नानाजी पर गयी है!" हे दिवसभर आरशासमोर.

बाळंतिणीची खोली तयार आहे. खिडकीला पडदा, कानात कापूस, डोक्याला रुमाल. तिचा मोबाइल घेऊन मी सरळ कपाटात टाकला आणि किल्ली कमरेला लावली. बाळंतिणीने मोबाइल बघितला की डोळे अधू होतात. वर्षाराणी म्हणाली, "आई, डॉक्टरांनी असं काही सांगितलं नाहीये." मी म्हटलं, "डॉक्टर तुझी आई आहे का?" विहीणबाईंनी मान डोलावली. आमचं दोघींचं पहिल्यांदा एकमत झालं.

लगेच दुसऱ्या गोष्टीवरून फाटलं. आमच्याकडे खानदेशात पाचवी पुजतात. त्यांच्याकडे सटी, म्हणजे सहावा दिवस. मी म्हटलं, सटवाई पाचव्या दिवशी येते. त्या म्हणतात, "तुमच्याकडं पाचव्याला येत असल, आमच्याकडं सहाव्याला येते." मी म्हटलं, "बाळ एकच आहे, बाई, आणि सटवाई पण एकच." हे मध्ये पडले, "नात त्यांच्या घरची, पद्धत त्यांची." घरभेदी मेला! ठरलं, रविवारी सटी.

एक गोष्ट लिहून ठेवते. वर्षाराणी बाथरूममध्ये जाते आणि नळ सोडून ठेवते. धो धो. पाऊण तास. आपल्याकडे पाणी येतं सकाळी तेवढंच, नंतर टँकर मागवावा लागतो. बाहेर आली की डोळे लाल. साबण गेला असेल.

११ जानेवारी, शनिवार

मेसेज लिहायला बसले. पहिला असा झाला:

"प्रिय वर्षा, वाढदिवसाच्या शुभेच्छा. डिंकाचा लाडू सकाळी एक, संध्याकाळी एक. बाळंतशेपा जेवण झाल्यावर चावायच्या, गिळायच्या नाहीत. थंड पाण्यात हात घालायचा नाही. ढेकर काढल्याशिवाय बाळाला झोपवू नकोस."

वाचून ह्यांना दाखवला. हे म्हणाले, "छान आहे. औषधाच्या बाटलीवर चिकटव."

दुसरा लिहिला: "आज तू आई झालीस, तुझं जीवन धन्य झालं, आता बाळ हेच तुझं सर्वस्व." हा मलाच आवडला. भारदस्त वाटला. मोबाइलवर टाइप केला, पाठवून बघावं म्हणून बटण दाबलं, आणि माझ्याच कपाटातून आवाज आला, टिंग! अगं बाई! तिचा मोबाइल आत, किल्ली माझ्या कमरेला. म्हणजे मीच मेसेज पाठवायचा, मीच कपाटात कोंडायचा! इतकी हसले की शेगडीवर ठेवलेला शिरा लागला. मग तो मेसेज दोन्हीकडून पुसून टाकला.

हसत हसत खोलीत गेले, म्हटलं, "वर्षा, परवा तुझा वाढदिवस गं! काय करू?" ती भिंतीकडे तोंड करून होती. म्हणाली, "राहू दे यंदा. आता काय, तिचेच वाढदिवस."

मला हे अजिबात आवडलं नाही. म्हणजे काय? आजपर्यंत मी माझ्या वाढदिवसाला काही केलं नाही ते वेगळं, माझा वाढदिवस कोणाला माहीतच नाही. पण माझ्या पोरीचा संपला? कोणी संपवला? बघतेच.

दुपारी बायका आल्या बाळ बघायला. हसणं, टाळ्या, "बघू बघू, इकडे दे." वर्षाराणीसाठी मी आल्याचा चहा नेला होता. बायका गेल्या तेव्हा कप तसाच खिडकीत, वर साय धरलेली. तिच्या हाताशी ठेवायला मीच विसरले होते, खिडकीत ठेवून बाळ दाखवायला धावले होते. टाके असलेली बाई उठून घेणार कशी? तो कप धुताना माझं कशातच लक्ष लागेना. तशी मी काही हळवी बाई नाही.

नळ आज पण.

१२ जानेवारी, रविवार

आज सटी झाली. सगळं सांगते, पण आधी हे की मेसेज झाला! सकाळी निमेश बाळाला उन्हात घेऊन बसले होते, विहीणबाई लसूण सोलत होत्या, आणि मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या उभ्या एका कागदावर लिहून काढला. एका दमात. मोबाइल नको, कपाटात अडकतो. कागद बरा, उशीखाली सरकवता येतो. गंमत म्हणजे बाळाबद्दल एक शब्द आला नाही. सगळं वर्षाराणीचंच आलं, लहानपणापासूनचं. विहीणबाईंबद्दल पण एक ओळ आली, ती त्यांनी वाचायची नाही. शेवटची ओळ लिहिली आणि मलाच रडू आलं, म्हणून कांदा चिरायला घेतला, म्हणजे कोणी विचारायला नको. कागद पालथा घालून रव्याच्या डब्याखाली सरकवला. तिथे कोणी हात घालत नाही, रवा मीच काढते.

आता सटी. विहीणबाईंनी पाट मांडला. त्यावर वरवंटा उभा, त्याला हळदकुंकू, हीच सटवाई. पुढे सुपारी, तांदूळ, विळा, काजळ, नैवेद्याचा भात. आणि मुख्य म्हणजे कोरा कागद आणि पेन. आज सटवाई येणार आणि बाळाचं नशीब लिहून जाणार. मी पेन ठेवलं तर विहीणबाई म्हणतात, "टोपण काढा ओ! ती काय टोपण काढत बसल?" खरंच की. एवढ्या पाचव्या पुजल्या आम्ही, टोपणाचा विचार कोणी केला नव्हता.

मग कागद. मी भात वाढत होते, हात चिकट. ह्यांना ओरडून सांगितलं, "अहो, कोरा कागद रव्याच्या डब्यापाशी आहे, तो द्या!" तसा मी सकाळीच एक कोरा कागद काढून डब्याला टेकवून ठेवला होता. हे गेले, घेऊन आले, विहीणबाईंनी पाटावर ठेवला, वर सुपारी ठेवली, चार दाणे टाकले. मी पाहिलं, स्वच्छ कोरा. झालं, हात जोडले.

विहीणबाई बाळाच्या कानाशी जाऊन म्हणाल्या, "चांगलं लिव गं माये, माज्या नातीचं." आवाज कापत होता त्यांचा. मला त्या एकदम आवडल्या. तेवढ्यात म्हणाल्या, "भातात मीठ नाय." पुन्हा नावडल्या.

वर्षाराणीला पाटापाशी बसवलं होतं. ती कागदाकडे बघत म्हणाली, "आई, माझ्या वेळी पण ठेवला होता का गं?" मी म्हटलं, "हो तर! वहीच ठेवली होती, तुझं बोलणं लिहायला पानं पुरायला नकोत?" पूर्वी ह्यावर ती मला चिमटा काढायची. आज नुसती "हं" म्हणाली. लग्नानंतर घरी आली की हिच्या हसण्याने वरच्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घ्यायचे. बाळ झाल्यापासून एकदा हसली नाही. उद्या हसवते की नाही बघ. माझ्याकडे कागद आहे.

१३ जानेवारी, सोमवार

देवा! कुठून सुरू करू? हसू थांबत नाही.

सकाळी आंघोळ करून पहिलं काम, रव्याचा डबा उचलला. खाली काही नाही. डब्याला टेकलेला एक कागद होता, तो उलटला. कोरा. दुसरीकडून उलटला. कोरा! मला वाटलं शाई उडाली. मग वाटलं मला वेड लागलं. कागद उजेडात धरून बघितला. आणि मग आठवलं, काल कागद कोणी आणला!

धावले. उशीर झाला होता. विहीणबाईंनी पाटाला नमस्कार करून सुपारी बाजूला केली होती आणि कागद उचलून उलटा केला होता. त्यांचे डोळे असे झाले की मला वाटलं आता पडतात.

"निमेश! आरं निमेश! लिवलंय! सटवाईनं लिवलंय!"

चष्मा त्यांचा वाणगावला राहिलाय. निमेश बनियनवर धावत आले. हे दाढीचा फेस घेऊन आले. वर्षाराणी कॉटवर बाळाला पाजत होती. मी म्हटलं, "अहो, द्या तो इकडे, ते काही नाही, ते..." विहीणबाईंनी माझा हात बाजूला केला. "विहीणबाई, देवीचं अक्षर हाय, हात लावू नका. वाच रे."

आणि जावईबापू वाचायला लागले. मोठ्याने. कंपनीत सूचना वाचतात तसे.

"'तू आलीस आणि सगळ्या घराची झोप उडाली.'"

"बरोबर लिवलंय," विहीणबाई म्हणाल्या. "पुढं?"

"'नाक बापाचं घेतलंस. त्याला आता कोण काय करणार.'"

निमेशने स्वतःचं नाक चाचपलं. विहीणबाई माझ्याकडे वळल्या, "बगा! बापाचं लिवलंय, आज्याचं नाय!" ह्यांनी फेसासकट मान खाली घातली.

"'बोलायला लागलीस ती थांबलीच नाहीस. बाईंनी बाकावर उभं केलं तर बाकावरून बोलत राहिलीस.'"

"म्हंजे शाळा शिकल. चांगलं हाय."

"'चिंचणीच्या समुद्रावर हरवलीस. आम्ही छाती पिटत फिरतोय आणि तू भेळवाल्याच्या स्टुलावर बसून भेळ खातेयस, ती पण फुकटची.'"

"हिला चिंचणीला न्यायचं नाय!" विहीणबाईंनी फर्मान काढलं. "आत्ताच सांगते सगळ्यांना. समिंदर बघायचा तर गच्चीवरून."

मी काय करत होते? काही नाही. दाराला धरून उभी होते.

निमेश थांबले. "आई, पण हे झाल्यासारखं लिहिलंय."

"आरं, तिला पुढचं सगळं झाल्यासारखंच दिसतं. तू वाच."

"'लग्न स्वतः ठरवलंस आणि आम्हाला कळलं कोणाकडून, तर वाणगाव स्टेशनवरच्या चहावाल्याकडून.'" निमेशचा आवाज बारीक झाला. हे खोकले. कॉटवरून काहीतरी आवाज आला, मी बघितलं नाही, माझी नजर पुढच्या ओळीवर. "'नवरा भोळा मिळाला, हे तुझं नशीब. सासू मात्र...'"

निमेशचे कान लाल.

"काय? सासू काय? वाच ना, थांबलास का?"

"'सासू मात्र वाणगावची मिरची.'"

ह्यांच्या हनुवटीवरून फेस पायावर पडला. विहीणबाईंनी हळूच माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मला वाटलं, धरणीमाते, आता उघड, मी येते.

आणि तेवढ्यात कॉटवरून खदखदून हसू फुटलं. वर्षाराणी! एका हाताने बाळ धरलेलं, दुसऱ्या हाताने पोटावर उशी दाबलेली, आणि हसतेय! "टाके! अगं आई, टाके दुखतायत! निमेश, वाचू नकोस! नाही, वाच!" डोळ्यांतून पाणी. "सटवाईने आईचं अक्षर चोरलं गं! हा 'र' बघा, लंगडा, माझ्या सगळ्या प्रगतिपुस्तकांवर आहे!" वरच्या मजल्यावर खिडकी लागल्याचा आवाज आला. आता थंडीने लावली असेल, पण मी ऐकला आणि मला काय वाटलं ते मला माहीत.

बाळाचं पिणं सुटलं नाही. आई एवढी हलतेय आणि ते गटगट पितंय, तोंडाच्या कडेने दुधाची धार. दूध आलंय! कालपासूनच येत होतं म्हणे, पोरगी बोलली नाही.

विहीणबाई म्हणाल्या, "मिरचीच्या पुढं काय लिवलंय ते तरी वाच."

निमेशने घसा साफ केला. "'पण तिच्याशिवाय लोणचं घालून दाखवा म्हणावं.'"

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. छे! हसत होत्या. "विहीणबाई," मला म्हणाल्या, "सटवाई तुमच्यापरीस बरं लिवते." मग ह्यांचं सुटलं, मग माझं. बाळ तेवढं गंभीर, आजोबांचं नाक घेऊन.

शेवटची ओळ निमेश वाचायला लागले आणि वाचलीच नाही. एकदा डोळ्यांनी वाचली, बायकोकडे पाहिलं आणि कागद तिच्या हातात दिला. भोळा म्हटलंय मी त्याला. भोळा आहे, पण त्याला कळतं.

ती ओळ अशी होती: "घरात सगळे बाळ बघायला येतायत, वर्षा. मी माझं बघतेय. वाढदिवसाच्या शुभेच्छा."

तिने वाचली. पुन्हा वाचली. कागद उशीखाली नाही, पोलक्यात ठेवला. मग बाळ विहीणबाईंच्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, "आई, डोक्याला तेल लावशील? माझ्या."

लावलं. मांडीवर डोकं घेऊन बसले होते. बाळाला काय हवं ते इतरांनी बघितलं. तासभर बोलत होती, थांबलीच नाही. दूध, टाके, झोप, भीती, सगळं. मी मध्ये फक्त "हं" म्हणत होते. आल्याचा चहा ह्यांनी केला, तिच्या हातात दिला, तिने गरम प्यायला.

दुपारी एक प्रश्न उभा राहिला. सटवाईला कागदच मिळाला नाही, मग बाळाचं नशीब लिहिलं कुठे? मी घाबरले होते. विहीणबाई म्हणाल्या, "ती कागदावर कुठं लिवते? कपाळावर लिवते. कागद तुमच्यासाठी असतो." हे आधी सांगायचं ना, बाई.

कपाटातून मोबाइल काढून दिला. दिवसातून थोडा वेळ. डोळे माझे नाहीत, तिचे आहेत.

१५ जानेवारी, बुधवार

संक्रांत झाली. विहीणबाई तोडणीला वाणगावला परतल्या आणि तिथून निमेशच्या गाडीत पोतं आलं. आत हिरव्यागार मिरच्या, वर चिठ्ठी: "सासूकडून. लोणचं घाला." त्यांच्या शेजारच्या मुलीकडून लिहवून घेतली असणार. सगळ्या बिल्डिंगला वाटल्या तरी पोतं भरलेलंच. तिवारीभाभी रडतायत, भाजीत चार टाकल्या.

वर्षाराणी काल पण हसली, आज पण. टाके दुखतात म्हणून मला गप्प बसायला सांगते. मी कशी बसू?

आणि हो, बाथरूममधला नळ दोन दिवस झाले उगीच वाहिला नाही. टँकर मागवावा लागला नाही. पाणी जपून वापरायला सांगायचंच होतं तिला, पण बघा, पोरगी माझी शहाणी, न सांगताच समजली.